१०० ग्रॅम पनीर, टोफू, चिकन, मासे आणि सोया चंक्स: प्रोटीन किती, कॅलरी किती

प्रश्न: पनीर, टोफू, चिकन ब्रेस्ट, मासे आणि सोया चंक्स, १०० ग्रॅमला नक्की किती कॅलरी आणि किती प्रोटीन धरायचं? नेटवर जिथे बघावं तिथे वेगळे आकडे. मी नॉनव्हेज खातो, बायको शाकाहारी आहे, तिला थायरॉइडची गोळी चालू आहे, दोघांनाही वजन कमी करायचंय.

उत्तर:

आकडे वेगळे दिसतात कारण बहुतेक ठिकाणी १०० ग्रॅम कशाचे ते लिहिलेलंच नसतं. कच्चं का शिजलेलं, कोरडं का भिजवलेलं, काट्यासकट का काटा काढून. माझ्याकडे येणारे निम्मे लोक इथेच अडकतात, बाकी त्यांचं गणित चांगलं असतं.

आधी आकडे देतो, मग त्यातली गंमत सांगतो. कातडी काढलेलं कच्चं चिकन ब्रेस्ट १०० ग्रॅम घेतलं तर साधारण १२० कॅलरी आणि २२ ते २३ ग्रॅम प्रोटीन. सुरमई कच्ची, काटा सोडून नुसतं मांस, १०५ कॅलरीच्या आसपास आणि २० ग्रॅम प्रोटीन. आपल्याकडे पाकिटात मिळतो तो घट्ट टोफू बहुतेक वेळा १२० ते १५० कॅलरी आणि १२ ते १५ ग्रॅम प्रोटीन. बाजारातलं नेहमीचं पनीर २६० ते ३२० कॅलरी आणि १८ ते २० ग्रॅम प्रोटीन. आणि सोया चंक्स, कोरडे, पाकिटातून काढले तसे, ३४५ कॅलरी आणि तब्बल ५२ ग्रॅम प्रोटीन.

आता हे वाचून कोणीही म्हणेल की सोया चंक्स चिकनच्या दुप्पट आहेत, विषय संपला. तसं नाहीये. कच्च्या चिकनमध्ये १०० ग्रॅमला ७५ ग्रॅमच्या आसपास नुसतं पाणी असतं आणि सोया चंक्समध्ये पाणी जवळपास नसतंच, म्हणजे तुम्ही एक ओली गोष्ट आणि एक कोरडी गोष्ट शेजारी ठेवून वजन करताय. तेच चंक्स गरम पाण्यात भिजवून पिळले की वजन अडीच ते तीन पट होतं आणि मग त्या भिजलेल्या १०० ग्रॅममध्ये १७ ते २० ग्रॅम प्रोटीन उरतं, कॅलरी सव्वाशेच्या आसपास. म्हणजे भिजल्यावर सोया कच्च्या चिकनच्याही थोडा मागेच आहे. वाईट अजिबात नाही, पण दुप्पट बिप्पट काही नाही.

चिकनचं बरोबर उलटं होतं. चंक्स पाणी पितात, चिकन पाणी सोडतं. २०० ग्रॅम कच्चं ब्रेस्ट तव्यावर नीट भाजलं की १५० च्या आसपास भरतं, प्रोटीन आहे तेवढंच राहतं पण आता ते कमी वजनात आलं, म्हणून शिजलेल्या १०० ग्रॅमला ३१ ग्रॅम प्रोटीन आणि १६५ कॅलरी असा आकडा दिसतो. दोन्ही आकडे खरे आहेत. नेटवर कोणी २२ लिहितो कोणी ३१, भांडायचं कारण नाही, एक कच्चा आहे आणि एक शिजलेला.

गडबड कुठे होते तर अ‍ॅपमध्ये. समजा तुम्ही कच्चं १५० ग्रॅम मोजलं आणि अ‍ॅपमध्ये शिजलेलं चिकन निवडलं तर ते ४६ ग्रॅम प्रोटीन दाखवणार आणि पोटात गेलं फक्त ३४. सोयाचं तर याहून भारी होतं, ५० ग्रॅम कोरडे चंक्स भिजवले, वजन १४० ग्रॅम भरलं, आणि ते १४० कोरड्याच्या नावाखाली टाकले की ७३ ग्रॅम प्रोटीन आणि पावणेपाचशेच्या वर कॅलरी दिसतात, खरं तर गेले २६ ग्रॅम आणि १७० कॅलरी. एखादा माणूस मला सांगतो की रोज १२० ग्रॅम प्रोटीन घेतो तरी दिवसभर भूक लागते, तेव्हा मी पहिला प्रश्न हाच विचारतो की सोया कधी मोजता, भिजवायच्या आधी का नंतर.

यावर साधा उपाय, सगळं कच्चं आणि कोरडं असतानाच मोजायचं. दोघांचं एकत्र शिजत असेल तर कच्चं एकूण वजन लिहून ठेवायचं, शिजल्यावर पातेल्यातल्या सगळ्या फोडींचं वजन करायचं आणि ज्याच्या ताटात जेवढा वाटा गेला तेवढा त्याच प्रमाणात धरायचा. चंक्सचं प्रमाण घरी एकदाच काढून ठेवा कारण बारीक ग्रॅन्यूल्स, छोटे चंक्स आणि मोठे चंक्स वेगवेगळं पाणी पितात आणि पिळणाऱ्या हाताचाही फरक पडतो. ५० ग्रॅम कोरडे घ्या, नेहमीसारखे भिजवा, नेहमीसारखे पिळा, वजन करा. १४० भरलं तर तुमच्या घरच्या भिजलेल्या १०० ग्रॅममध्ये साडेअठरा ग्रॅम प्रोटीन आहे असं फ्रिजवर लिहून टाका.

आता पनीर. याच्यावरच लोकांचा जास्त जीव आहे आणि इथेच वजन अडकतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो. पनीर हा प्रोटीनचा पदार्थ म्हणून विकला जातो पण त्यातल्या निम्म्याहून जास्त कॅलरी फॅटच्या असतात. हा काही कोणाचा दोष नाही, आपल्या अन्नसुरक्षा नियमातच पनीर म्हणायचं असेल तर पाणी वगळून उरलेल्या भागात किमान ५० टक्के दुधाचं फॅट पाहिजे असं आहे आणि पाणी ६० टक्क्यांपर्यंतच चालतं. म्हणजे १०० ग्रॅम पनीरात कोरडा भाग ४० ग्रॅम धरला तरी २० ग्रॅम फॅट आलंच, त्याच्याच १८० कॅलरी झाल्या, मग वर प्रोटीन. लो फॅट पनीर हा वेगळा प्रकार आहे, त्याला त्याच कोरड्या भागात जास्तीत जास्त १५ टक्के फॅटची मर्यादा आहे, आणि पाकिटावर तसं स्पष्ट लिहिलेलं असतं.

घरी करत असाल तर फॅट तुमच्या हातात आहे. फुल क्रीम दुधाच्या पिशवीत ६ टक्के फॅट असतं, टोन्डमध्ये ३, डबल टोन्डमध्ये दीड. प्रोटीन मात्र तिन्हीत जवळजवळ सारखंच, लिटरला ३२ ते ३५ ग्रॅम, कारण साय काढली तरी प्रोटीन दुधातच राहतं. दूध नीट उकळून मग फाडलं तर त्यातलं बरंचसं, साधारण ३० ग्रॅम धरा, पनीरात येतं, थोडं निवळीत जातं. आता बघा, एक लिटर फुल क्रीमचं पनीर साधारण २०० ग्रॅम भरेल आणि त्या सगळ्याच्या कॅलरी साडेसहाशेच्या आसपास होतील. एक लिटर डबल टोन्डचं भरेल १५० च्या आतबाहेर, कॅलरी पावणेतीनशे. प्रोटीन दोन्हीत तेच ३० ग्रॅम. डबल टोन्डचं पनीर जरा कोरडं, रबरासारखं लागतं हे खरंय, त्याला उपाय म्हणजे फाटल्यावर लगेच गाळायचं आणि वजन ठेवून फार वेळ दाबायचं नाही, आणि ते भुर्जीलाच वापरायचं. टोन्ड दुधाचं मधलं पडतं, चवीलाही बरं असतं, माझ्या घरी तेच होतं.

बाजारात अजून एक भानगड आहे. दुधाच्या फॅटऐवजी पामतेल बिमतेल वापरून केलेलं पनीरासारखं दिसणारं प्रॉडक्ट, त्याला पाकिटावर अ‍ॅनालॉग लिहावं लागतं, पण सुट्ट्या विक्रीत आणि हॉटेलात ते कुठे दिसतंय. लोक आयोडीनचा थेंब टाकून बघतात, निळंकाळं झालं तर त्यात स्टार्च आहे हे नक्की, पण निळं नाही झालं म्हणजे ते दुधाचंच आहे असं सिद्ध होत नाही कारण तेल घातलेलं असेल तर आयोडीनला ते कळत नाही. त्यामुळे प्रोटीनचा हिशोब करायचा असेल तर सुट्टं पनीर सोडा, पाकिटाचं घ्या नाहीतर घरी करा.

पाकिटावरचा आकडा खरा वाटतोय का हे तपासायची एक सोपी ट्रिक आहे. प्रोटीनचे ग्रॅम गुणिले ४, फॅटचे ग्रॅम गुणिले ९, कार्बचे ग्रॅम गुणिले ४, बेरीज करा, छापलेल्या कॅलरीच्या जवळपास आली पाहिजे. सोया चंक्सवर करून बघा, ५२ चोक २०८, फॅट अर्धा ग्रॅम म्हणजे साडेचार, कार्ब ३३ चे १३२, बेरीज ३४५ च्या आसपास, जमलं. टोफूच्या एखाद्या पाकिटावर २० ग्रॅम प्रोटीन, ९ ग्रॅम फॅट आणि कॅलरी ९५ असं काही दिसलं तर नुसत्या प्रोटीन आणि फॅटच्याच १६१ होतात, म्हणजे एकतर छापताना चुकलंय किंवा रकाने वेगळे आहेत, एक १०० ग्रॅमचा आणि एक सर्व्हिंगचा. रकाना कुठला ते आधी बघत जा, बऱ्याच वेळा गोंधळ तिथेच असतो.

टोफूत ब्रँडप्रमाणे जेवढा फरक पडतो तेवढा या पाचांत दुसऱ्या कशात पडत नाही. पुन्हा पाणीच. सिल्कन टोफू चमच्याने खायचा, मऊ लुसलुशीत, त्यात प्रोटीन ५ ते ७ ग्रॅम आणि कॅलरी ५५ ते ६०. घट्ट दाबलेला टोफू पोषणमूल्यांच्या परदेशी तक्त्यांमध्ये १७ ग्रॅमपर्यंत जातो. आपल्याकडे सोया पनीर नावाने डेअरीत मिळतो तो मधला कुठेतरी. हाताने दाबून बघा, पाणी सुटलं आणि बोट आत गेलं तर तो १० च्या आसपासचा, कापल्यावर कडा सरळ राहिल्या तर १३-१४ चा. पनीरपेक्षा प्रोटीन थोडं कमी पण फॅट निम्म्याहून कमी, त्यामुळे वजन कमी करणाऱ्याला हा सौदा चांगला आहे. चव मात्र नाही, हे कबूल, टोफूला मीठ आणि मसाला आधी लावून अर्धा तास ठेवल्याशिवाय तो खाऊ नका, उगाच टोफूचं नाव बदनाम होतं.

माशांचं एका आकड्यात बसत नाही. सुरमई, रावस, रोहू हे १९ ते २० ग्रॅम प्रोटीनचे आणि १०० ते १२० कॅलरीचे, पापलेटात थोडं फॅट जास्त. तारली आणि बांगड्यात फॅट ऋतूप्रमाणे बदलतं, त्यामुळे वर्षभर एकच आकडा लावता येत नाही, कोकणातल्या माणसाला हे सांगायची गरज नाही, त्याला तव्यावर सुटणाऱ्या तेलावरूनच कळतं. ओला बोंबील म्हणजे बहुतांश पाणी, १०० ग्रॅमला प्रोटीन १० च्या आसपास, आणि तोच सुकवला की ६० च्या घरात जातो, पण सुका बोंबील आणि सुकट तुम्ही १०० ग्रॅम खाणार नाही आणि त्यात मीठही असतं. इथे मोजायची चूक वेगळी होते, कोळणीकडून अर्धा किलो बांगडे आणले म्हणजे अर्धा किलो मासे खाल्ले नाहीत. डोकं, पोट, शेपूट, काटे गेल्यावर खायचं मांस साधारण निम्मं उरतं. सुरमईच्या कापात वाया कमी जातं, मधला काटा तेवढा. चिकनचंही तसंच, वरचे सगळे आकडे बोनलेसचे आहेत, करी कट आणलं तर हाडं वजा करा.

आता तुमच्या घरचं गणित. एका जेवणात ३० ग्रॅम प्रोटीन यापैकी एकाच गोष्टीतून घ्यायचं ठरवलं तर चिकन ब्रेस्ट कच्चं १३५ ग्रॅम लागेल, १६० कॅलरी. सुरमईचं मांस १५० ग्रॅम, तेही १६० च्या आतच. सोया चंक्स कोरडे ५८ ग्रॅम, २०० कॅलरी. टोफू १४ ग्रॅमवाला सव्वादोनशेच्या जरा आत, २९० कॅलरी. बाजारचं पनीर १६० ग्रॅम, साडेचारशेच्या वर. माझ्या मते बघायची यादी हीच, १०० ग्रॅमच्या यादीत फारसा अर्थ नाही.

आणि यात तेल धरलेलं नाही. मोठा चमचा, १५ मिली, तेल म्हणजे १२० कॅलरी, लहान चमचा ४०. सुरमई रव्यात घोळवून तव्यावर तेल सोडत सोडत तळली की चिकनच्या बरोबरीची सुरमई टोफूच्या पुढे जाते. टोफू आणि भिजलेले चंक्स तर तेल ओढून घेतात. नॉनस्टिक तव्यावर एक लहान चमचा तेलात दोघांचंही काम होतं, झाकण ठेवायचं आणि घाई करायची नाही.

तुमच्या मिसेसचं बघू. वजन तुम्ही लिहिलं नाही, ६० किलो धरतो. आपल्या आयसीएमआरच्या हिशोबाने तब्येत चांगली असलेल्या माणसाला किलोमागे ०.८३ ग्रॅम, म्हणजे ५० ग्रॅम पुरतं, पण वजन कमी करताना मांसपेशी जाऊ नयेत म्हणून मी १ ते १.२ धरतो, म्हणजे ६० ते ७०. चार पोळ्या, दोन वेळचं वरण, वाटीभर भात, भाजी, एक कप दूध आणि वाटीभर दही यातून साधारण ३५ ते ४० ग्रॅम येतंच. उरलं २५ ते ३०. ते २५ ग्रॅम कोरडे चंक्स आणि १०० ग्रॅम टोफू यातून भरलं तर २७ ग्रॅम प्रोटीन आणि सव्वादोनशे कॅलरी. तेच २७ ग्रॅम बाजारच्या पनीरातून भरायला १४० ग्रॅम पनीर आणि ४१० कॅलरी. रोजच्या जवळपास १९० कॅलरीचा फरक, तो सोडायचा का नाही ते तुम्ही ठरवा. पनीर बंद करा असं मी म्हणत नाही, आठवड्यातून दोनदा टोन्ड दुधाचं घरचं करा. बटर मसाला सोडा फक्त.

तुमच्यासाठी, ज्या दिवशी चालतं त्या दिवशी कच्चं १५० ग्रॅम ब्रेस्ट किंवा तेवढीच सुरमई. सोमवार, गुरुवार, संकष्टी आणि अख्खा श्रावण पाळत असाल तर त्या दिवशीही बायकोच्याच पातेल्यातलं सोया खा, ५० ग्रॅम कोरडे, वेगळा स्वयंपाक नको. सोयाचं प्रोटीन कमी दर्जाचं असतं वगैरे जे सांगतात त्यात फारसा दम नाही, त्यात मेथिओनीन हे अमिनो आम्ल जरा कमी असतं एवढंच, आणि पोळी-भातातून ते भरून निघतं.

सोयाने पोट फुगत असेल तर कारण म्हणजे त्यातल्या न पचणाऱ्या साखरा, त्या मोठ्या आतड्यात आंबतात. चंक्स उकळत्या पाण्यात १० मिनिटं ठेवा, पाणी फेकून द्या, गार पाण्यात घालून पिळा, परत एकदा तसंच करा. दुसऱ्या पाण्याचा फेस कमी झाला आणि तो कच्चट वास गेला की समजा झालं. ते पाणी पौष्टिक म्हणून भाजीत घालणारे लोक आहेत, नका घालू. फायबर १३ ग्रॅम असतं १०० ग्रॅम कोरड्यात, त्यामुळे पहिल्याच दिवशी ५० ग्रॅम खाऊ नका, १५ पासून सुरू करून दोन आठवड्यात वाढवा.

राहिला थायरॉइडचा भाग. सोया खाल्ल्याने थायरॉइडची गोळी आतड्यातून नीट शोषली जात नाही, पण म्हणून सोया बंद करायचं नाही, वेळेत अंतर ठेवायचं. गोळी सकाळी उपाशीपोटी, सोया किंवा टोफू दुपारी नाहीतर रात्री, मध्ये किमान चार तास. टोफूत कॅल्शियम घातलेलं असतं आणि दूध-पनीरातही कॅल्शियम असतंच, तेही गोळीच्या आड येतं, त्यामुळे गोळीनंतर लगेच दुधाचा चहा हा प्रकारही थांबवा. आणि सोया रोज सुरू करणार असाल तर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच परत तपासून घ्या आणि रिपोर्ट तिच्या डॉक्टरांना दाखवा, डोस बदलायचा का ते तेच ठरवतील. किडनीचा काही त्रास कोणाला असेल तर मात्र हे वरचं १.२ वगैरे काहीच लागू नाही, आधी क्रिएटिनिन बघावं लागेल.